गो-लाइव्ह चार आठवडे पुढे: तारीखबदल कळवण्याच्या नोंदी

काम असं: तीन गोदामांचा स्टॉक आणि बिलिंग जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर न्यायचं. ठरलेलं वेळापत्रक म्हणजे १४-१५ जूनच्या शनिवार-रविवारी डेटा हलवायचा आणि सोमवारी १६ जूनला सकाळी नव्या सिस्टिमवर कामाला लागायचं. ही तारीख पाळता आली नाही. या नोंदी मायग्रेशनच्या तांत्रिक बाजूच्या नाहीत. तारीख बदलल्यावर ती कुणाला, कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत कळवली, आणि कळवूनही कुठे घोळ झाला, एवढंच इथे आहे. असं पत्र लिहायची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांच्यासाठी.

सोमवार, २६ मे

दुसऱ्या ट्रायल मायग्रेशनचा निकाल हातात आला. १८,४०० वस्तूंपैकी ४१२ वस्तूंचा स्टॉक जुन्या आणि नव्या सिस्टिममध्ये जुळत नाही. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. जुन्या सिस्टिममध्ये काही वस्तू बॉक्सने मोजल्या जातात, काही पीसने, आणि एककाचा रकाना प्रत्येक गोदामाने आपापल्या पद्धतीने भरला आहे. २४ नगांचा एक बॉक्स नव्या सिस्टिममध्ये एक पीस म्हणून येतो, तर कुठे उलटं होतं. या ४१२ वस्तूंचं खरं एकक डेटात कुठेच नाही. रॅकसमोर उभं राहून मोजल्याशिवाय ते कळणार नाही. म्हणजे १४ जून गेली.

संध्याकाळी हे प्रकल्प समितीला सांगितलं. पण त्याच वेळी तांत्रिक टीमच्या ग्रुपवरही ‘तारीख जाणार’ असा मेसेज पडला. ही पहिली चूक. त्या ग्रुपमध्ये दोन माणसं गोदामातली होती.

मंगळवार, २७ मे

सकाळी सव्वानऊला दुसऱ्या गोदामाच्या प्रमुखांचा फोन. ‘तारीख गेली असं कानावर आलंय. सोमवारपासून ट्रेनिंगला माणसं सोडायची की नाही, तेवढं सांगा.’ आमचं उत्तर होतं, ‘ठरलं की कळवतो.’ हे उत्तर निरुपयोगी होतं. त्यांना नवी तारीख नको होती. सोमवारच्या पाळीत किती माणसं ठेवायची हे त्यांना त्याच दिवशी ठरवायचं होतं.

नवी तारीख हातात नसताना काय सांगायचं, या अडचणीत आम्ही सोमवारची संध्याकाळ घालवली होती. प्रत्यक्षात सांगण्यासारखं बरंच होतं. जुनी तारीख पाळली जाणार नाही, हे नक्की होतं. कारण माहीत होतं. नवी तारीख कधी सांगू, हेही ठरवता येत होतं. आणि कोणती कामं आजच थांबवायची, हे तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. दुपारी एक वाजता गोदाम प्रमुख, हिशेब विभाग आणि विक्री विभागाला हा मेल गेला:

> नमस्कार,
>
> १४-१५ जूनला होणारं डेटा मायग्रेशन त्या तारखांना होणार नाही. ट्रायलमध्ये ४१२ वस्तूंचा स्टॉक जुळला नाही आणि त्या वस्तू गोदामात मोजाव्या लागणार आहेत.
>
> नवी तारीख गुरुवारी २९ मेला दुपारी तीनपर्यंत कळवू.
>
> तोपर्यंत: २ जूनपासूनचं ट्रेनिंग होणार नाही, त्यासाठी माणसं सोडू नका. १४-१५ जूनसाठी आणखी कुणाची रजा रद्द करू नका. जुन्या सिस्टिमवरचं रोजचं काम आहे तसंच चालू ठेवा.

‘आहे तसंच चालू ठेवा’ हे वाक्य वाटतं तेवढं साधं नाही. पहिल्या गोदामाने १ जूनपासून नव्या वस्तूंची नोंद थांबवायचं ठरवलं होतं, कारण पुढे सगळं नव्या सिस्टिममध्येच भरायचं होतं. हे वाक्य नसतं तर तिथल्या वस्तू कुठल्याच सिस्टिममध्ये चढल्या नसत्या.

मेल गेल्यावर फोन थांबले. सोमवारी संध्याकाळीच हा मेल गेला असता तर पुढच्या सकाळचे फोन आलेच नसते.

बुधवार, २८ मे: नवी तारीख काढताना

कामाचे दिवस मोजले. ४१२ वस्तूंची गोदामवार यादी करायला २ दिवस. मोजणीला ६, कारण एकट्या दुसऱ्या गोदामात २४१ वस्तू आहेत आणि दोन जोड्या मिळून दिवसाला चाळीसेकच होतात. पहिल्या गोदामात ९६ आणि तिसऱ्यात ७५, त्यामुळे ती दोन्ही आधी मोकळी होतील. मोजलेल्या आकड्यांवरून रूपांतराचा तक्ता दुरुस्त करायला ३ दिवस. मग एका शनिवार-रविवारी तिसरी ट्रायल आणि ती तपासायला ३ दिवस. कामाचे दिवस झाले १४.

पण चौदा दिवसांचं काम चौदा दिवसांत बसत नव्हतं. महिन्याच्या पहिल्या पाच कामाच्या दिवसांत हिशेब विभागाचं क्लोजिंग चालतं आणि तेवढ्यात स्टॉकच्या आकड्यात दुरुस्ती टाकता येत नाही. २ ते ६ जूनला मोजणी केली तरी आकडा दुरुस्त व्हायला ९ तारीख उजाडते. तोपर्यंत माल आत-बाहेर झालेला असतो आणि मोजलेला आकडा शिळा होतो. म्हणून मोजणी ९ ते १६ जून, तक्ता १७ ते १९, ट्रायल २१-२२, तपासणी २३ ते २५ जून.

त्यानंतरचा पहिला शनिवार २८ जून. समितीतून लगेच सूचना आली की हीच तारीख जाहीर करावी, म्हणजे फक्त दोन आठवडे पुढे ढकललं असं सांगता येईल. २९ जून हा महिना आणि तिमाही संपण्याच्या आदल्या दिवशीचा रविवार. नव्या सिस्टिमवर पहिलाच दिवस तिमाहीअखेरीचा आला असता. आकडा जुळला नाही तर चूक मायग्रेशनची की त्या दिवसाच्या नोंदींची, हे कुणालाच सांगता आलं नसतं. ५-६ जुलैला क्लोजिंग अर्धवट असतं, ते ७ जुलैला संपतं. म्हणून मायग्रेशन १२-१३ जुलै आणि काम सुरू सोमवारी १४ जुलैला.

समितीला हे पटवायला सगळ्यात जास्त कामी आलं ते एक कॅलेंडरचं पान. मे ते जुलैचे सगळे शनिवार-रविवार मांडले आणि जे वापरता येत नाहीत त्यांवर काट मारून शेजारी दोन-तीन शब्दांत कारण लिहिलं. चौदा दिवसांच्या कामाला चार आठवडे का, हा प्रश्न पुढे प्रत्येकाने विचारला आणि प्रत्येकाला हेच पान पाठवलं. फक्त ‘चार आठवडे उशीर’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी हात राखून तारीख दिली आहे. मग तो स्वतःच्या मनाने त्यातून दोन आठवडे वजा करतो आणि त्याप्रमाणे माल मागवतो.

बुधवार, २८ मे: कुणाचं काय बदलतं

दुपारी यादी करायला बसलो. आधी नेहमीसारखी केली: नाव, विभाग, मेल. त्यातून काहीच कळेना. मग रकान्याचं शीर्षक बदललं आणि ‘कुणाला कळवायचं’ऐवजी ‘१६ जून धरून यांनी आधीच काय करून ठेवलं आहे’ असं लिहिलं. तेव्हा पुढच्या गोष्टी वर आल्या.

जुन्या सिस्टिमचा देखभाल करार ३० जूनला संपत होता. तो मुद्दाम संपू दिला जात होता. मुदतवाढ हवी असेल तर एक महिना आधी, म्हणजे ३१ मेपर्यंत लेखी कळवायचं होतं. हाती तीन दिवस होते. हे कुणाच्याही लक्षात नव्हतं, कारण करार खरेदी विभागाच्या फाइलमध्ये होता आणि खरेदी विभाग आमच्या मूळ यादीतच नव्हता. एक महिन्याची वाढ मागितली, पण करारात किमान वाढ तीन महिन्यांची होती. दोन महिन्यांचा खर्च वाया जाणार हे मान्य करून तीन महिने घेतले. या उशिराचा सगळ्यात मोठा थेट खर्च हाच.

६४ जणांचं ट्रेनिंग ठरलेलं होतं: गोदामातल्या ४८ जणांचं २ जूनपासून, हिशेबातल्या १६ जणांचं ९ जूनपासून. खोली ठरली आहे, शिकवणारे ठरले आहेत, तर ठरल्या दिवशीच उरकावं असं एक मत होतं. ते मानलं नाही. शिकल्यावर सहा आठवडे हात लावला नाही तर १४ जुलैला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल. गोदामांचं ट्रेनिंग ३० जून ते ४ जुलै आणि हिशेबाचं, क्लोजिंग संपल्यावर, ८ ते १० जुलै असं ठरवलं.

३७ पुरवठादारांना मेच्या सुरुवातीला कळवलं होतं की १६ जूनपासून बॉक्सवर नव्या नमुन्याचं लेबल लावा. त्यातल्या काहींनी लेबलं छापायला टाकली असणार. त्यांच्या दृष्टीने गो-लाइव्हच्या तारखेला काही अर्थ नाही. नवं लेबल कधीपर्यंत लावायचं नाही, एवढंच त्यांना हवं.

यादी अकरा ओळींची झाली. दोन माणसांना साडेतीन तास लागले.

गुरुवार, २९ मे: मसुदा

पहिला मसुदा असा सुरू होत होता:

> आपणा सर्वांना कळविण्यात येते की काही तांत्रिक अडचणींमुळे प्रकल्पाच्या वेळापत्रकात बदल करण्यात आला असून सुधारित वेळापत्रकानुसार गो-लाइव्ह साधारणपणे जुलैच्या मध्यास अपेक्षित आहे.

हा मसुदा टाकून दिला. ‘काही तांत्रिक अडचणी’ म्हटलं की वाचणारा आपल्याला हवं ते कारण धरतो. तिसऱ्या गोदामात तर तोवर ‘नवी सिस्टिमच रद्द झाली’ असं बोललं जात होतं. ‘साधारणपणे जुलैच्या मध्यास’ धरून कुणालाही रजा देता येत नाही की गाडी ठरवता येत नाही. आणि ‘करण्यात आला’ म्हटल्यावर कुणी केला, कुणाला विचारायचं, हे कळत नाही.

दुसरी दुरुस्ती तारखांची होती. त्यांचे दोन ढीग केले. काही तारखा आमच्या हातात आहेत: मोजणी, ट्रेनिंग, ट्रायल. त्या पक्क्या म्हणून दिल्या. १४ जुलै मात्र तिसऱ्या ट्रायलवर अवलंबून आहे. ती पक्की आहे असं लिहिणं खोटं ठरलं असतं, आणि नुसतं ‘तात्पुरती’ लिहिलं असतं तर कुणी तिच्यावर विसंबलं नसतं. म्हणून अट आणि दिवस दोन्ही लिहिले: ट्रायलमध्ये फरक १० वस्तूंपेक्षा कमी असेल आणि प्रत्येक फरकाचं कारण सापडलं असेल, तर २५ जूनला संध्याकाळी पाचपर्यंत १४ जुलै पक्की झाल्याचं कळवू. नसेल, तर त्याच दिवशी त्याच वेळी तसं कळवू.

गुरुवार, २९ मे: सांगण्याचा क्रम

दहा वाजता समिती. साडेदहा ते एक फोन: तिन्ही गोदाम प्रमुख, हिशेब प्रमुख, खरेदी, विक्री. पावणेतीनला सगळ्यांना मेल, चार वाजता पुरवठादारांना वेगळं पत्र. ज्यांना स्वतःची माणसं किंवा पैसे द्यायचे आहेत त्यांना मेलच्या आधी फोन करायचा, असं धरलं होतं. ते योग्य निघालं.

हिशेब प्रमुखांचा फोन पंचवीस मिनिटं चालला. शिल्लक जुळवण्याचं काम ज्या दोघांना येतं त्यांची रजा ११ ते १८ जुलै मंजूर झाली होती. १४-१५ जूनसाठी त्यांनी आधीच एकदा रजा सोडली होती. ‘पुन्हा त्यांनाच रजा सोडायला सांगणार नाही,’ असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर होतं. तारीख हलवली नाही. दुसऱ्या दोघांना २१-२२ जूनच्या ट्रायलमध्ये त्या दोघांशेजारी बसवायचं आणि १२-१३ जुलैला त्यांनी जुळवणी करायची, असं ठरलं. मेल आधी गेला असता तर हीच गोष्ट सगळ्यांसमोर उत्तर म्हणून आली असती आणि तारीख जाहीर झाल्या दिवशीच डळमळली असती.

मेल एकच न पाठवता विभागवार पाठवला. वरचा भाग सगळ्यांना सारखा, खालचा ‘तुमच्यासाठी’ हा भाग वेगळा. दुसऱ्या गोदामाला गेलेला मेल:

> विषय: नव्या सिस्टिमवर काम १६ जूनऐवजी १४ जुलैपासून
>
> नमस्कार,
>
> नव्या सिस्टिमवर काम सोमवारी १४ जुलैला सुरू होईल. आधी ठरलेली १६ जून ही तारीख रद्द.
>
> कारण: ट्रायलमध्ये ४१२ वस्तूंचा स्टॉक जुळला नाही. या वस्तूंची नोंद कुठे बॉक्समध्ये, कुठे पीसमध्ये झाली आहे. त्या मोजून दुरुस्त केल्याशिवाय डेटा हलवला तर पहिल्याच दिवशी चुकीचा स्टॉक दिसेल. मोजणी मेअखेरच्या क्लोजिंगनंतरच करता येते आणि डेटा जूनअखेरच्या क्लोजिंगनंतरच हलवता येतो, म्हणून एकूण चार आठवडे. कॅलेंडर सोबत जोडलं आहे.
>
> तुमच्यासाठी:
> तुमच्याकडे २४१ वस्तू मोजायच्या आहेत. ९ ते १६ जून, शनिवार-रविवार सोडून, रोज चार माणसं पूर्ण दिवस लागतील. वस्तूंची यादी रॅकप्रमाणे लावून शुक्रवारी पाठवू.
> ज्या रॅकची मोजणी चालू असेल तिथला माल त्या वेळेपुरता हलवू नका.
> ट्रेनिंग ३० जून ते ४ जुलै.
> जुनी सिस्टिम ११ जुलैच्या संध्याकाळपर्यंत आजच्यासारखीच वापरा.
>
> १४ जुलै पक्की झाल्याचं २५ जूनला संध्याकाळी पाचपर्यंत कळवू. ती तिसऱ्या ट्रायलवर अवलंबून आहे.
>
> यात तुमच्या कामाचं काही राहिलं किंवा चुकलं असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. सगळं बरोबर असेल तरी ‘पाहिलं’ एवढं उत्तर द्या.

दिलगिरीचं वाक्य घालायचं की नाही यावर चर्चा झाली. ते मेलमध्ये घातलं नाही. ज्यांच्या रजा गेल्या होत्या त्यांच्याशी त्यांच्या प्रमुखांनी स्वतः बोलावं असं ठरलं आणि ते झालं. सार्वजनिक मेलमधली एक ओळ त्याची जागा घेऊ शकत नाही.

शुक्रवार, ३० मे

नऊ विभागांना ‘पाहिलं’ असं उत्तर मागितलं होतं, सहा आली. उरलेल्या तिघांना फोन केला. त्यांतल्या एकाने मेल उघडलाच नव्हता. पुरवठादारांच्या ३७ पत्रांपैकी पाच परत आली, पत्ते जुने होते. खरेदी विभागाकडून नवे घेऊन पुन्हा पाठवली.

कॅलेंडरमध्ये आम्ही जुनं निमंत्रण रद्द करून नवं पाठवलं. तसं करायला नको होतं. रद्द झाल्याची सूचना आधी पोहोचली आणि नवं निमंत्रण काहींनी दोन-दोन दिवस उघडलंच नाही. त्यामुळे ‘ट्रेनिंग रद्द’ एवढंच पसरलं. जुन्याच निमंत्रणाची तारीख बदलली असती तर एकच सूचना गेली असती. ज्यांनी स्वतःच्या हाताने नोंद करून ठेवली होती त्यांच्या कॅलेंडरमध्ये मात्र यातलं काहीच पोहोचत नाही. त्यांना सांगूनच बदलावं लागतं.

शेअर्ड फोल्डरमधली जुनी योजना काढून टाकली नाही. तिचं नाव बदलून सुरुवातीला ‘रद्द’ लावलं आणि पहिल्या पानावर नव्या फाइलचा पत्ता दिला. काढून टाकली असती तर लोकांनी आपापल्या कॉपीवर काम चालू ठेवलं असतं.

सोमवार, ९ जून

या कामातली सगळ्यात महागडी चूक आज झाली.

सकाळी नऊ वाजता सर्व पुरवठादारांना मेल गेला: ‘आठवण: १६ जूनपासून नव्या नमुन्याचं लेबल लावणं आवश्यक आहे.’ हा मेल ५ मेला लिहून आज सुटेल असा लावून ठेवला होता. तारीख बदलली तेव्हा तो कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, कारण तो पाठवलेल्यांत दिसत नव्हता आणि मसुद्यांतही नव्हता. २९ मेच्या पत्रात लिहिलं होतं की १४ जुलैच्या आधी नवं लेबल लावू नका. आता पुरवठादारांकडे आमची दोन उलटसुलट पत्रं होती आणि नंतर आलेलं पत्र चुकीचं होतं.

साडेदहाला दुरुस्तीचा मेल गेला. त्याचा विषयच पूर्ण वाक्यात लिहिला: ‘आज सकाळचा मेल चुकीचा, जुनंच लेबल लावा’. ज्यांनी मेल उघडला नाही त्यांनाही विषयावरून कळावं म्हणून. पण एकदा दोन पत्रं गेल्यावर तिसऱ्यावर कुणी का विश्वास ठेवावा, म्हणून सदतीसही जणांना फोन केले. दोन माणसं दीड दिवस तेच करत होती. तिघांनी नवी लेबलं छापून आणली होती. ती १४ जुलैनंतर चालणार होती, म्हणून वाया गेली नाहीत.

फोन झाल्यावर जे काम २८ मेला करायला हवं होतं ते केलं. ‘१६ जून’ आणि ‘१६/६’ हे शब्द सगळीकडे शोधले: शेअर्ड फोल्डर, वेळ लावून ठेवलेले मेल, ट्रेनिंगच्या स्लाइड, गोदामातली भित्तिपत्रकं, फोन घेणाऱ्यांसाठी लिहिलेली उत्तरं. अकरा ठिकाणी जुनी तारीख सापडली. अर्ध्या दिवसात बदलून झाली.

मंगळवार, १७ जून

बारावं ठिकाण राहिलं होतं. तिसऱ्या गोदामातून विचारणा आली की सिस्टिम कालपासून बंद होणार होती ना, मग चालू कशी? जुन्या सिस्टिमच्या लॉगिनच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरांत एप्रिलपासून ओळ होती: ‘ही सिस्टिम १६ जूनपासून बंद’. रोज साठ-सत्तर माणसं ती ओळ पाहत होती. शोधात ती सापडली नव्हती, कारण ती फाइलमध्ये नाही, सिस्टिमच्या सेटिंगमध्ये आहे.

काल पहिल्या गोदामात एक गाडी नव्या लेबलांसह आली. फोनवर ‘हो’ म्हणालेल्या पुरवठादाराच्या ऑफिसमधून पॅकिंगच्या माणसापर्यंत निरोप गेला नव्हता. जुन्या स्कॅनरला नवा कोड वाचता येत नाही. ९६ बॉक्स हाताने चढवावे लागले. दोन माणसांचे तीन तास.

मोजणी एक दिवस लांबली, काल संपायची ती आज संपली. त्यासाठी वेगळा मेल काढला नाही. तक्ता १८ ते २० जूनला दुरुस्त होईल आणि ट्रायल २१ जूनलाच सुरू होते, म्हणजे इतरांच्या कोणत्याही तारखेला धक्का नाही. दर सोमवारच्या चार ओळींच्या नोंदीत ते येईल: काय झालं, काय राहिलं, कोणती तारीख बदलली, पुढची नोंद कधी. तिसऱ्या ओळीत बहुतेक वेळा ‘एकही नाही’ असंच असतं. तरी ती ओळ गाळत नाही, कारण लोक आधी तीच पाहतात.

बुधवार, २५ जून

तिसरी ट्रायल तपासून झाली. ४१२ पैकी ७ वस्तूंमध्ये फरक उरला. सातही वस्तू मोजणीनंतर आणि ट्रायलच्या आधी हललेल्या, प्रत्येकीची पावती सापडली. २९ मेला लिहिलेल्या दोन्ही अटी पूर्ण झाल्या.

निकाल दुपारी दोनलाच हातात होता, पण कळवण्याआधी हिशेबातल्या नव्या जोडीने जुळवणी स्वतः करून पाहिली. चार वाजून दहा मिनिटांनी मेल गेला:

> १४ जुलै पक्की. ट्रायलमध्ये फरक ७ वस्तूंचा, सगळ्यांची कारणं सापडली. २९ मेच्या मेलमध्ये तुमच्यासाठी दिलेल्या तारखांत कोणताही बदल नाही.

पुरवठादारांना उद्या वेगळं पत्र: १४ जुलैला किंवा त्यानंतर पोहोचणाऱ्या मालावर नवं लेबल, त्याआधी पोहोचणाऱ्यावर जुनं. मागच्या पत्रात ‘१४ जुलैपासून’ एवढंच होतं आणि सहा जणांनी विचारलं होतं की माल निघाल्याचा दिवस धरायचा की पोहोचल्याचा. यावेळी पत्रात पॅकिंग विभागासाठी वेगळं अर्धं पान जोडलं आहे, भिंतीवर लावता येईल असं: जुन्या लेबलचं चित्र, नव्याचं चित्र, मधे तारीख.

सोमवार, ३० जून

गोदामांचं ट्रेनिंग सुरू झालं. ४८ पैकी ४७ हजर. न आलेला माणूस दुसऱ्या पाळीचा, त्याला जुनंच निमंत्रण दिसत होतं.

आतापर्यंतचा हिशेब: तारीखबदल ठरवणं, कळवणं आणि निस्तरणं यात एकूण अकरा मनुष्य-दिवस गेले. त्यांतले साडेतीन फक्त ९ जूनच्या मेलचे: फोनचे तीन आणि शोधाचा अर्धा. मोजणीचे दिवस यात धरलेले नाहीत.

जुन्या सिस्टिमच्या लॉगिनवरची ओळ आता अशी आहे: ‘११ जुलै, शुक्रवार संध्याकाळी ७ पर्यंत इथेच काम करा. १४ जुलै, सोमवारपासून नवी सिस्टिम.’ वार मुद्दाम लिहिले आहेत. नुसत्या तारखेवरून शुक्रवारच्या रात्रपाळीला आपली पाळी कुठे मोडते ते कळत नव्हतं. त्या पाळीसाठी खाली आणखी एक ओळ उद्या टाकायची आहे: संध्याकाळी सातनंतर आलेला माल कागदावर उतरवून ठेवा, तो सोमवारी नव्या सिस्टिममध्ये चढेल.